‘तोंडाजवळ थांबू नये’, मग थांबायचं कुठे?

‘ऑल क्लिअर मिळेपर्यंत कोणीही तोंडाजवळ थांबू नये.’

समजा, तुम्ही बोगद्याच्या कामावर आज पहिल्यांदाच आलात आणि तुमच्या हातात हे वाक्य छापलेला कागद दिला. तुम्ही काय कराल? बोगद्याचं तोंड म्हणजे जिथून उजेड दिसतो, जिथून गाड्या आत येतात ती जागा. तिथे थांबायचं नाही म्हटल्यावर तुम्ही तिथून हलाल. आणि एका बाजूला डोंगर असेल, तर हलणार आतच.

मूळ इंग्रजी कागदावर शब्द होता ‘फेस’. बोगद्याच्या भाषेत फेस म्हणजे सगळ्यात आतली, जिथे आज खोदाई चालू आहे ती कातळाची भिंत. ब्लास्ट तिथे होतो. धूर, विषारी वायू आणि सुटलेले दगड तिथे असतात. म्हणजे कागद सांगत होता, ‘आतल्या टोकापासून लांब राहा.’ भाषांतर करणाऱ्याने डिक्शनरीत बघून ‘तोंड’ लिहिलं आणि माणूस नेमक्या उलट्या टोकाला जाऊन उभा राहील अशी सोय केली. शब्दाला शब्द बरोबर आहे, दिशा मात्र उलटी आहे.

सह्याद्रीत चालू असलेल्या एका रस्ता-बोगद्याच्या कामावर हा कागद मी पाहिला. बाहेरच्या एका एजन्सीकडून करून आणलेलं तीन पानी भाषांतर साइटवर नव्याने लिहून काढायचं होतं. त्यासाठी चार संध्याकाळी कंटेनर-ऑफिसात टेबलाभोवती बसलेली माणसं अशी: सेफ्टी ऑफिसर मॅडम, एक तरुण जिऑलॉजिस्ट, बोगद्यांत वीस वर्षं घालवलेले फोरमन (त्यांना सगळे ‘मिस्त्री’ म्हणतात), आणि शेजारच्या गावातले एक आबा. आबांनी उभी हयात विहिरी खोदण्यात काढली, आणि त्यांचा नातू या साइटवर हेल्पर आहे. लिहून घ्यायला मी.

तुम्ही म्हणाल, बोगद्यात काम करणारे तर बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, मग मराठी कशाला? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले होते, ते आठ राज्यांतून आले होते. या साइटवरही ड्रिल चालवणारे झारखंड-ओडिशाचे आहेत. पण डंपरचे ड्रायव्हर, झेंडा दाखवणारे, पाण्याची आणि हवेची लाइन बघणारे, हेल्पर हे आसपासच्या गावांतले. यातले बरेच जण तुमच्याच वयाचे, बारावी किंवा आयटीआय झालेले. शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून दहा मिनिटं जे सांगतात, त्याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. त्या दहा मिनिटांतलं वाक्य एकदाच कानावर पडतं, मागे जनरेटर धडधडत असतो, आणि परत वाचायची सोय नसते.

आता या भानगडीतला सगळ्यात गमतीचा आणि सगळ्यात धोक्याचा शब्द घेऊ. तुमच्या झारखंडच्या सहकाऱ्याला ‘सुरंग’ म्हणजे बोगदा. तुम्हाला ‘सुरुंग’ म्हणजे दारू ठासून उडवतात तो. एका उकाराचा फरक, तोही आवाजात विरून जाणारा. ‘सुरंग खाली है’ असं कुणी ओरडलं, तर हिंदीवाल्याने सांगितलं की बोगद्यात कुणी नाही. मराठीवाल्याच्या कानाला ते ‘सुरुंग खाली आहे’ असंही लागू शकतं. मिस्त्रींनी पहिल्याच संध्याकाळी फर्मान काढलं: या कागदावर सुरंगही नको आणि सुरुंगही नको. मराठीत ‘बोगदा’, हिंदीत ‘टनल’, आणि उडवण्याच्या कामाला दोन्हीकडे ‘ब्लास्ट’.

आबांना हे पटलं नाही. ‘आम्ही बार म्हणतो,’ ते म्हणाले. ‘बार भरला, बार उडाला. सगळ्यांना कळतं.’ विहिरीवर कळतं, हे खरंच. पण बोगद्यात खडकात घालतात त्या लोखंडी सळईलाही सगळे ‘बार’च म्हणतात. सुटे दगड पाडायच्या पहारीला ‘स्केलिंग बार’ म्हणतात. आणि हिंदीत ‘एक बार’ म्हणजे एकदा. ‘डाव्या बाजूला एक बार राहिलाय’ हे वाक्य घ्या. सळई बसवायची राहिली असेल, तर ते उरलेलं काम आहे. न उडालेली दारू राहिली असेल, तर सगळ्यांनी आहे तिथून मागे फिरायचं. आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मग काढा.’

न उडालेल्या स्फोटकाला इंग्रजीत ‘मिसफायर’ म्हणतात. एजन्सीच्या कागदावर त्याचं भाषांतर होतं ‘फुसका बार’. वाचून टेबलावरचे सगळे हसले, कारण फुसका बार म्हणजे आपल्याकडे मोठा गाजावाजा होऊन आपटलेला सिनेमा. खरी अडचण तीच होती. फुसक्या बाराला कुणी घाबरत नाही. बोगद्यातला मिसफायर मात्र फुसका नसतोच. भोकात दारू तशीच्या तशी असते, डिटोनेटर जागेवर असतो, आणि मलबा उचलणाऱ्या मशीनचा दात किंवा ड्रिलचं टोक लागलं की तो तेव्हा उडतो. म्हणून नियम कडक आहे: ती वायर किंवा नळी कुणी ओढायची नाही, जुन्या भोकात पुन्हा ड्रिल लावायचं नाही, परवाना असलेला ब्लास्टर येऊन बघेपर्यंत जवळ जायचं नाही. शब्द असा हवा होता की ऐकताच पाय थांबावा. बरीच खाडाखोड होऊन कागदावर आलं ‘जिवंत भोक’. ‘जिवंत वायर’ म्हणतो तसं. व्याकरणाच्या मास्तरांना आवडेल की नाही ठाऊक नाही, पण आबांच्या नातवाला एकदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आता बोल्टकडे येऊ. ‘रॉक बोल्ट’ ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नट-बोल्ट, नाहीतर दाराची कडी. प्रत्यक्षात ती सुमारे २५ मिलिमीटर जाडीची सळई असते. लांबी बोगद्याच्या आकारावर आणि खडकावर ठरते, साधारण तीन ते सहा मीटर. खडकात त्याहून थोडं जाड भोक पाडतात, आत रेझिनची कॅप्सूल किंवा सिमेंटचं ग्राउट भरतात, सळई घुसवतात आणि बाहेरच्या टोकाला लोखंडी प्लेट लावून नट आवळतात. तिचं काम समजण्यासाठी आपला सह्याद्रीचा कातळ डोळ्यांसमोर आणा. लांबून एकसंध काळा दिसणारा बसाल्ट प्रत्यक्षात भेगांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेला असतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी गेरूसारखा तांबडा, भिजला की मऊ होणारा पट्टा असतो. बोगदा खोदला की छतातल्या तुकड्यांचा खालचा आधार जातो. बोल्ट या तुकड्यांना एकमेकांशी आणि वरच्या पक्क्या खडकाशी शिवून टाकतो.

एजन्सीने लिहिलं होतं ‘शैलकील’. शब्द वाईट नाही. परिभाषा कोशात, पाठ्यपुस्तकात शोभेल. पण सकाळी सहाच्या शिफ्टला ‘शैलकील’ म्हटलं की माणूस शेजाऱ्याकडे बघतो. ‘खिळा’ करावं का? तो तर जास्त फसवा. खिळा ठोकला की लगेच धरतो, शिवाय खिळ्याला डबा, वायर, पिशवी काहीही अडकवायची आपल्याला सवय असते. बोल्टच्या टोकाला होज पाइप टांगणारे महाभाग मिस्त्रींनी पाहिलेत.

मग मॅडम म्हणाल्या, वस्तूचं नाव बदलायची गरजच काय? ‘बोल्ट’ सगळ्यांना माहीत आहे. तो फक्त दाखवायचा: ही सळई, ही प्लेट, हा नट. भाषांतर करायला हवं ते त्याच्या वागण्याचं. इथून पुढे तोच आमचा नियम झाला. बोट दाखवता येईल त्याला साइटवर चालणारं नाव: बोल्ट, प्लेट, ड्रिल, डंपर, जाळी. जे डोळ्याला दिसत नाही, म्हणजे धोका, वेळ, अवस्था, ते मात्र अस्सल मराठीत, घरात बोलतो तसं.

बोल्टच्या बाबतीत न दिसणारी गोष्ट एकच, पण जिवाची. बोल्ट भोकात गेला म्हणजे त्याने काम सुरू केलं असं नाही. रेझिन असेल तर ते काही मिनिटांत घट्ट होतं, सिमेंटचं ग्राउट असेल तर तासांची गोष्ट असते. बाहेरून मात्र दोन्ही वेळी दृश्य सारखंच: छताला प्लेट लागलेली. जुन्या कागदात ‘बोल्ट बसवल्यानंतर प्रवेश करावा’ असं होतं. आता वाक्य असं आहे: ‘बोल्ट बसला म्हणजे पकड घेतली असं नाही. पकड घेतली हे मिस्त्री सांगतील, मगच खाली जायचं.’ ‘पकड घेणं’ हा शब्द आबांचा. सिमेंटबद्दल गवंडीही तसंच बोलतात.

‘अनसपोर्टेड स्पॅन’चंही तेच. एजन्सीचं मराठी होतं, ‘असमर्थित छताखाली प्रवेश निषिद्ध आहे.’ ‘असमर्थित’ ऐकून तुम्हाला निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार आठवेल. मॅडमनी सुचवलं, ‘आधार नसलेल्या छताखाली जाऊ नका.’ मिस्त्रींचा प्रश्न: आधार नाही हे पोराने ओळखायचं कसं? सांगायचं ते त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ‘शेवटच्या प्लेटच्या पुढे पाऊल नाही’ हे सुटसुटीत होतं, पण जिऑलॉजिस्टने अडवलं. वरून शॉटक्रीटचा थर चढला की प्लेटा झाकल्या जातात, मग शेवटची कुठली? म्हणून आता आधार कुठपर्यंत झालाय ते दोन्ही भिंतींवर लाल स्प्रेने रेघ मारून दाखवतात आणि कागद म्हणतो, ‘लाल रेघेपुढे माणूस नाही.’ भाषांतर करता करता साइटवर रंगाचे डबे वाढले.

आणि शॉटक्रीट. हा शब्द तुम्ही कदाचित पहिल्यांदा ऐकत असाल, तर थोडक्यात: पाइपमधून दाबाच्या हवेने काँक्रीट खडकावर मारतात. लगेच घट्ट व्हावं म्हणून नोझलपाशी त्यात अ‍ॅक्सिलरेटर मिसळतात. त्यामुळे छतावर मारलेलं काँक्रीटही साच्याशिवाय तिथेच चिकटून राहतं. थर साधारण पाच सेंटीमीटरपासून खडक वाईट असेल तर पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंतही जातो.

इथे ‘शॉट’ने घोळ घातला. आपल्याकडे विजेचा धक्का बसला तरी ‘शॉट लागला’ म्हणतात, आणि जुने लोक ब्लास्टलाही ‘शॉट’ म्हणतात. तेव्हा ‘शॉट मारून झाला’ हे अर्धवट वाक्य बंद. म्हणायचं तर पूर्ण ‘शॉटक्रीट’. पण त्याहून मोठी अडचण ‘गिलावा’ या शब्दाची होती. एजन्सीने शॉटक्रीटला ‘फवारणी गिलावा’ म्हटलं होतं, आणि दिसायला ते तसंच असतं, नाही म्हणता येणार नाही. पण घरातल्या गिलाव्याला भेग पडली तर आपण काय करतो? कॅलेंडर लावतो. गिलावा हा दिसण्यासाठी असतो, भिंत वेगळी असते. शॉटक्रीट ही आधाराचीच गोष्ट आहे. त्यात नवी भेग दिसली, कालची केसाएवढी भेग आज रुंद झाली, पापुद्रा सुटला, कोरड्या जागी पाणी झिरपायला लागलं, तर मागचा खडक हलतोय असं समजायचं. ज्याला आपण गिलावा म्हणतो, त्याच्या भेगेची खबर द्यायला कोणी धावत जाणार नाही. शब्द गेला. नवं वाक्य: ‘शॉटक्रीटला नवी भेग दिसली की आधी मागे व्हा, मग सांगा.’ आधी सांगा आणि मग मागे व्हा असं नाही. या क्रमावर पाऊण तास चर्चा झाली, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ताज्या शॉटक्रीटचा धोका आणखी वेगळा. ते छताला चिकटलेलं असतं, पण अजून त्याच्या अंगात ताकद आलेली नसते. स्वतःच्या वजनाने, किंवा मागच्या सुट्या दगडासकट, मोठा लोंदा खाली येऊ शकतो. ताकद आली की नाही हे घड्याळावर ठरत नाही. माल, तापमान, अ‍ॅक्सिलरेटर यांवर ठरतं. म्हणून सुईसारख्या उपकरणाने टोचून बघतात, आणि अनेक कामांवर किमान १ मेगापास्कल ताकद आल्याशिवाय खाली कुणाला सोडत नाहीत. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर ढोबळ दहा किलोचा भार. कागदावर हा आकडा नाही. हेल्परला तो मोजायचा नसतो, ज्याला मोजायचा त्याला माहीत असतो. कागदावर आहे ते एवढंच: ‘ओल्या शॉटक्रीटखाली उभं राहायचं नाही. वाळलं असं वाटलं तरी नाही. टोचून बघितल्यावर मिस्त्री हात करतील.’

याच ठिकाणी ‘रिबाउंड’ हा शब्द होता. मारलेल्या मालातला काही भाग खडकावर आपटून परत उडतो, छतावर मारताना जास्त. ‘प्रतिक्षेप’ असं लिहिलेलं होतं, त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. ‘उडून परत येणारा माल’ असं सरळ लिहिलं, आणि त्यापुढे ‘डोळ्यात गेला तर अंधत्व येऊ शकतं, गॉगल काढायचा नाही, खाली पडलेला माल परत वापरायचा नाही’.

आता आवाजाबद्दल, कारण मला या सगळ्यात तोच भाग फार आवडला. ब्लास्टनंतर धूर गेला की छतातले आणि भिंतीतले सुटे दगड पाडून घेतात. त्याला ‘स्केलिंग’ म्हणतात, आणि हो, साइटवरच्या एका नवीन मुलाने खरंच विचारलं होतं की दातांचं का? हल्ली मुख्य काम मशीनने होतं, तरी लांब पहार घेऊन ठोकून बघणं सुटलेलं नाही. इंग्रजी कागदात होतं की सुटा दगड ‘ड्रमी’ वाजतो. भाषांतर होतं ‘ढोलासारखा आवाज’. आपल्याकडे ढोल म्हटलं की गणपतीची मिरवणूक, म्हणजे खणखणीत, छाती दणाणणारा आवाज. ऐकणारा चांगला दणकून वाजणारा दगडच सुटा समजेल. वास्तव उलट आहे: पक्का कातळ खणखण वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. आबांनी टेबलावरचा पाण्याचा माठ टिचकीने वाजवून दाखवला. चांगलं मडकं खणकन वाजतं, चीर गेलेलं बद्द. प्रत्येकाने कधीतरी आईबरोबर माठ घेताना हे केलंय. कागदावर तेच आलं: ‘मडकं वाजवून बघतो तसं. बद्द वाजलं की दगड सुटलाय.’

त्याला जिऑलॉजिस्टने एक शेपूट जोडायला लावलं, आणि ते महत्त्वाचं आहे. आपल्या बसाल्टमध्ये मोठा, घट्ट तुकडा चारी बाजूंनी भेगांनी मोकळा झालेला असला तरी मधोमध ठोकला तर खणखणीत वाजू शकतो. म्हणून बद्द आवाज म्हणजे धोका, पण खणखणीत आवाज म्हणजे सुरक्षित असं नाही. पहारवाल्याने आधार झालेल्या छताखाली उभं राहून पुढच्या भागावर ठोकायचं, पहार तिरकी धरायची म्हणजे दगड तिच्यावरून घसरत अंगावर येत नाही, आणि पाठीमागे पळायला वाट मोकळी ठेवायची.

‘स्टँड-अप टाइम’ मात्र आबांनी अर्ध्या मिनिटात सोडवला. खोदल्यावर आधाराशिवाय छत किती वेळ टिकेल त्याला हा शब्द आहे. चांगल्या खडकात तो खूप मोठा असतो, चिरडलेल्या किंवा मातीसारख्या खडकात काही तास किंवा त्याहून कमी. एजन्सीने ‘उभे राहण्याचा कालावधी’ लिहून ठेवला होता, जणू कामगारांना तेवढा वेळ उभं करायचंय. जिऑलॉजिस्टने अर्थ समजावल्यावर आबा म्हणाले, ‘म्हणजे कातळ किती दम धरतो ते.’ विहिरीत मुरूम दम धरत नाही, कातळ धरतो, असं ते आयुष्यभर म्हणत आले होते. कागदावर ‘इथला खडक दम धरणारा नाही’ असं आलं की त्या दिवशी घाई का चाललीय आणि रेंगाळायचं का नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

राहिला तो पहिला शब्द, फेस. तो तसाच ठेवता येत नव्हता, कारण मराठीत फेस साबणाला येतो. ‘तोंड’ तर बादच. ‘खोदाईची भिंत’ सुचली, पण भिंती डाव्या-उजव्याही असतात. शेवटी ‘पुढचा कातळ’ ठरलं, आणि ‘तोंड’ हा शब्द फक्त बाहेरच्या टोकासाठी राखला. वाक्य झालं: ‘ब्लास्टनंतर ऑल क्लिअरपर्यंत सगळे तोंडाबाहेर, शेडजवळ. पुढच्या कातळाकडे कोणी जाणार नाही.’

हे सगळं टेबलावर छान वाटतं, म्हणून पाचव्या दिवशी सकाळी तपासून बघितलं. पद्धत अगदी साधी. ब्रीफिंग वाचून झाल्यावर मॅडमनी ‘कळलं का?’ असं विचारलं नाही. त्याला उत्तर एकच येतं, ‘हो मॅडम’, हे वर्गात बसणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी फ्लेक्सवर बोगद्याचं चित्र लावलं आणि एकेकाला काठी दिली. ‘ब्लास्ट झाला. तू कुठे?’ ‘बोल्ट आत्ता बसवलाय. तू कुठपर्यंत?’ बारा जणांपैकी अकरा जणांनी तोंड, पुढचा कातळ आणि लाल रेघ बरोबर दाखवली. बारावा एक डंपर ड्रायव्हर होता. त्याने काठी लाल रेघेच्या पुढे ठेवली आणि म्हणाला, ‘माणूस नाही म्हटलंय. मी तर गाडीत असतो.’

दुसऱ्या दिवशी कागदावर बदल झाला: ‘लाल रेघेपुढे माणूस नाही, गाडीतलासुद्धा नाही.’ मलबा उचलायला गाडी पुढे न्यायची वेळ आली, तर ती कुणाच्या इशाऱ्याने न्यायची, हे खाली वेगळ्या ओळीत लिहिलं गेलं.

आता त्याच कागदाचं हिंदी करायचं काम सुरू झालंय. पहिली अडचण पहिल्याच ओळीत आहे. बाहेरच्या टोकाला ‘मुहाना’ म्हणावं असं मॅडमचं मत, पण ते ठरवण्याआधी ड्रिलवरच्या झारखंडच्या दोघांच्या हातात काठी द्यायची आहे.